कोवळे कडवळ : एक चारा, दोन विषे



पावसाळ्याच्या तोंडाशी वैरण संपलेली असते आणि बांधालगत कडवळाचे फुटवे हिरवेगार दिसू लागतात. नेमक्या याच दिवसांत धडधाकट जनावर चरता चरता कोसळल्याच्या बातम्या गटागटांतून आमच्याकडे येतात. काही गावांत याला ‘किराळ लागली’ म्हणतात. पण कडवळातून जनावराला दोन वेगवेगळी विषे बाधू शकतात. दोन्हींची लक्षणे वेगळी, आणि औषधही वेगळे आहे.

पहिले विष सायनाइडचे. ज्वारीच्या कोवळ्या पानात एक द्रव्य असते. पान चावले गेले, की कोठीपोटात त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण शरीराला तो वापरता येत नाही. म्हणून हिरड्या आणि डोळ्यांच्या पापण्यांची आतली बाजू लालभडक दिसते. धाप लागते, तोल जातो, जनावर आडवे होते. हे सारे खाल्ल्यापासून पाव ते अर्ध्या तासात घडू शकते. गुडघ्याएवढे पीक, कापणीनंतरचे फुटवे आणि पावसाच्या ताणाने सुकलेले पीक यांत हे विष सर्वांत जास्त असते.

दुसरे विष नायट्रेटचे. युरिया जास्त पडला आणि पुढे ताण बसला किंवा आभाळ सतत झाकोळलेले राहिले, तर पिकाने घेतलेले नत्र पचत नाही, ते धाटाच्या बुडख्याच्या भागात साठते. कोठीपोटात त्याचे नायट्राइट बनते आणि ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच काढून घेते. रक्त चॉकलेटी होते, हिरड्या मळकट तपकिरी दिसतात. लक्षणे सहसा काही तासांनी येतात. गाभण गाय वाचली तरी गाभडण्याची भीती असते. मका आणि हत्ती गवतातही हा धोका आहे.

आमच्या एका गटातील सभासदाचे उदाहरण घ्या. कडवळ एकदा कापून त्याने युरिया टाकला. पुढे तीन आठवडे पाऊस नव्हता. मग एक सर आली आणि वीतभर फुटवे फुटले. सकाळी उपाशी दोन गाई दावे तोडून त्यात शिरल्या. वीस मिनिटांत एक पडली. पोटफुगी समजून शेजाऱ्यांनी तिला तेल पाजायला घेतले, त्यातच वेळ गेला आणि गाय दगावली. दुसरी डळमळू लागताच डॉक्टर पोहोचले. ‘फुटवे खाल्ले, अर्धा तास झाला’ हे कळले आणि हिरड्या लाल दिसल्या, म्हणून त्यांनी सायनाइडवरचे इंजेक्शन शिरेतून दिले. गाय उठली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सायनाइडवर डॉक्टर सोडियम थायोसल्फेट आणि सोडियम नायट्राइट देतात. नायट्रेटच्या बाधेवर मिथिलीन ब्लू देतात. नायट्रेट बाधलेल्या जनावराला चुकून नायट्राइट दिले तर बाधा वाढून ते मरू शकते. म्हणून डॉक्टरांना तीन गोष्टी सांगाव्यात : काय खाल्ले, किती वेळापूर्वी, आणि हिरड्यांचा रंग कसा आहे. आडव्या पडलेल्या जनावराला तोंडाने काहीही पाजू नये, ते फुप्फुसात जाते.

आता वैरणीची काळजी. कडवळ फुलोऱ्यात आल्यावरच कापावे. फुटव्यांवर जनावर सोडू नये. ताणानंतर पाऊस पडला तर निदान आठवडाभर, शक्य तर जास्त, ते पीक खाऊ घालू नये. जनावर उपाशीपोटी हिरव्या चाऱ्यावर नेऊ नये, आधी कडबा किंवा दुसरी वाळलेली वैरण टाकावी. नवा चारा थोडा थोडा वाढवत न्यावा.

कडवळ चांगले वाळवले की सायनाइड बरेचसे उडून जाते, म्हणून कडब्याची भीती सहसा नसते. नायट्रेट मात्र वाळवल्याने जात नाही. युरिया भरपूर दिलेल्या पिकाचा वाळला चाराही बाधू शकतो. त्यासाठी युरिया एकदम न टाकता विभागून द्यावा, धाट जमिनीपासून फूटभर सोडून वरून कापावे आणि त्यात इतर वैरण मिसळावी. मुरघास केल्यास नायट्रेट कमी होते, पण पूर्ण जात नाही. कापलेला ओला चारा रात्रभर ढीग करून ठेवू नये. ढीग तापला की नायट्रेटचे नायट्राइट चाऱ्यातच तयार होते, आणि मग बाधा लवकर होते.

बांधावरचे फुटवे नको असतील तर कापणीनंतर बुडखे नांगरून टाकावेत. दावे तुटले तरी मग जनावराला तिथे खायला काही मिळणार नाही.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग