घुशीचं बीळ बुजवण्याआधी मोरी तपासा



गेल्या पावसाळ्यात नाल्याकाठच्या आमच्या वस्तीत एका घरातली मोरीजवळची लादी अचानक खचली. खालून ओंजळभर नाही, दोन घमेली माती गायब होती. घरातल्या तरुण मुलाने बाहेर आलेली ओली माती हातानेच भरली. पायाला चप्पल नव्हती आणि टाचेला भेग होती. आठवड्याने त्याला ताप भरला. मेडिकलवरून आणलेल्या गोळ्या दोन दिवस चालल्या. मी गेले तेव्हा त्याला पोटऱ्या दाबू देववत नव्हत्या आणि डोळे लाल झाले होते. तसंच त्याला पालिकेच्या रुग्णालयात नेलं. निदान झालं लेप्टोस्पायरोसिस. वेळेत गेल्यामुळे तो बरा होऊन घरी आला.

हा आजार घुशीच्या आणि उंदराच्या लघवीतून पसरतो. जंतू ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात अनेक दिवस जगतात आणि जखमेतून, भेगेतून शरीरात शिरतात. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईने याची मोठी साथ पाहिली आहे.

मुलगा बरा झाला, पण लादीखालचं बीळ तसंच होतं. त्याच्या आईने ते आधी तीन वेळा सिमेंटने बुजवलं होतं. दर वेळी आठ-दहा दिवसांत बाजूला नवं तोंड निघायचं. असं का होतं, ते समजून घेऊ.

घूस कोरड्या, घट्ट जमिनीपेक्षा ओली, भुसभुशीत माती पसंत करते. तिला पाणी आणि खाणं जवळ लागतं. बिळाला एकापेक्षा जास्त तोंडं असतात आणि काही तोंडं ती आतून सैल मातीने बंद करून ठेवते. म्हणून दिसणारं एकच तोंड बुजवलं की ती दुसरीकडून निघते. उंदराच्या बिळापेक्षा हे तोंड मोठं असतं आणि बाहेर ताज्या मातीचा ढीग पडलेला असतो. लादीवर नाण्याने ठोकून पाहा. खाली पोकळी असेल तिथे आवाज डबडब येतो.

त्या घरी आम्ही आधी मोरी तपासली. बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवून मोरीत ओतली. थोड्या वेळाने भिंतीबाहेरच्या बिळाच्या तोंडाशी माती निळी झाली. म्हणजे मोरीच्या पाइपाचा जोड लादीखाली सुटला होता. सांडपाणी मातीत मुरत होतं, माती मऊ होत होती आणि पाण्याबरोबर भाताची शितंही जात होती. घुशीला घर, पाणी आणि जेवण एकाच जागी मिळत होतं. वरून कितीही सिमेंट घातलं तरी ती तिथून हलणार नव्हती.

मग काम या क्रमाने केलं.

पहिल्यांदा पाइपाचा जोड बदलला आणि मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी घट्ट बसवली. खरकटं झाकणाच्या डब्यात ठेवून सकाळी घंटागाडीत द्यायचं ठरवलं. धान्याची गोणी पत्र्याच्या डब्यात रिकामी केली.

दुसरं काम म्हणजे बीळ चालू आहे का, हे पाहणं. संध्याकाळी प्रत्येक तोंडात वर्तमानपत्राचे बोळे सैलसर कोंबले. सकाळी ज्या तोंडातला बोळा बाहेर फेकलेला दिसेल ते बीळ चालू. तिथे लगेच सिमेंट घालायचं नाही. आत जनावर अडकलं तर ते नवी वाट खणतं किंवा आतच मरून कुजतं. घरातली तोंडं बंद केली आणि बाहेरचं एक तोंड मोकळं ठेवलं. रोज बोळा बदलून पाहिला. सलग तीन सकाळी बोळा जागचा हलला नाही, तेव्हा बीळ रिकामं झाल्याचं धरलं.

तिसऱ्या टप्प्यात लादी उचलली. हातमोजे आणि गमबूट घालून, माती आधी ओली करून, भुसभुशीत भाग घट्ट जमीन लागेपर्यंत काढला. पोकळीत विटांचे तुकडे आणि खडी भरून पहारीने ठोकून बसवली. त्यावर एक घमेलं सिमेंट, दोन घमेली रेती आणि चार घमेली खडी या मापाचं काँक्रीट चार इंच घातलं. सात दिवस पाणी मारलं. मगच लादी बसवली. नुसती माती भरली असती तर ती पुन्हा खणली गेली असती.

बाहेर भिंतीलगत अर्धा इंच भोकाची वेल्डेड लोखंडी जाळी जमिनीत दोन फूट खोल उभी पुरली आणि खालची कड बाहेरच्या बाजूला एक फूट वळवली. भिंतीलगत खणत आलेल्या घुशीला ती आडवी येते. कोंबड्यांच्या खुराड्याची बारीक तारेची जाळी चालत नाही, घूस ती कुरतडते. विहाराच्या आवाराची भिंत असो किंवा घरामागची बाग, उपाय हाच. फक्त चर एकदम पूर्ण लांबीचा खणू नका. तीन-चार फूट खणा, जाळी बसवा, माती ठोकून भरा आणि मग पुढे जा. भिंत आधीच कलली असेल किंवा तडा गेला असेल तर आधी जाणत्या गवंड्याला दाखवा. भिंतीला टेकून ठेवलेल्या विटा, फळ्या आणि माजलेलं गवतही काढा. त्या आडोशाने बीळ दिसत नाही.

विहारात एका आजींनी विचारलं, "ताई, पहिलं शील घेतलंय, मग घूस मारायची कशी?" वरचे सगळे उपाय न मारता करायचे आहेत. विषाबद्दल मात्र नर्स म्हणून स्पष्ट सांगते. उंदीर मारायच्या काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. मुलाच्या पोटात गेल्यास यकृत निकामी होऊ शकतं आणि त्यावर उतारा नाही. बिळात टाकायच्या गोळ्यांचा विषारी वायू लादीच्या फटीतून झोपलेल्या माणसांपर्यंत येतो. दोन्ही घरात आणू नका.

घूस चावली तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जा. घाण पाण्यातून चालल्यावर प्रतिबंधक गोळीसाठी 72 तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात विचारा. मनाने घेऊ नका, कारण गरोदर बाईला आणि लहान मुलाला वेगळं औषध लागतं. ताप, पोटरीत दुखणं, लाल डोळे, पिवळेपणा किंवा लघवी कमी होणं दिसलं तर त्याच दिवशी जा आणि मातीत, पाण्यात काम केल्याचं डॉक्टरांना सांगा.

एकट्या घराने काम केलं तर घूस शेजारच्या भिंतीखाली जाते. आमच्या ओळीत अकरा घरं होती. महिला मंडळाने एकत्र सह्या करून वॉर्ड ऑफिसला अर्ज दिला. फुटलेल्या गटाराची जागा, उचलला न जाणारा कचरा आणि बिळांची संख्या असं त्यात घरनिहाय लिहिलं. पोच घेतली आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा गेलो. गटार बांधून मिळालं. त्या गटारात उतरणारे सफाई कामगार आपलेच भाऊ आहेत. त्यांना गमबूट आणि हातमोजे मिळाले का, हेही आम्ही त्याच अर्जात विचारलं होतं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत.