बाथरूम गळतंय, दहा दिवस घर सोडा

खालच्या मजल्याच्या छताला ओल आली की घरमालकाची सूचना येते: वॉटरप्रूफिंग करायचंय, दहा दिवस घर रिकामं करा. मागणी अवाजवी नसते. बाथरूमच्या टाइल्स फोडायच्या, रसायनाचे थर देऊन वाळवायचे, मग पाणी साठवून किमान 24 तास खाली ओल उतरते का ते पाहायचं आणि त्यानंतरच नव्या टाइल्स. घाईत नेमकी ही पाण्याची चाचणीच गाळली जाते, आणि पावसाळ्यात पुन्हा तोच डाग!

भाड्याचा हिशेब सोपा आहे. भाडं 24,000 असेल, तर तीस दिवसांच्या महिन्यात रोजचे 800; दहा दिवसांचे 8,000 वजा, भरायचे 16,000. वाद होतो तो दिवस मोजण्यावरून. कंत्राटदाराने काम संपवल्याचा दिवस धरू नये. नळ सुरू होऊन घर राहण्याजोगं परत मिळेल, तो धरावा. काम लांबलं तरी सूट त्याच दराने चालू राहील, सामान घरातच राहील आणि करार व डिपॉझिट कायम आहेत, हे सूचनेतच लिहून दोघांनी सही करावी. किल्ली देण्याआधी खोल्यांचे फोटो काढलेले बरे.