एक्स्टर्नलचा फोन रात्री आला

मे महिन्यातला गुरुवार. अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाच्या अकरा गटांपैकी सहा गटांचं प्रोजेक्टचं सादरीकरण संध्याकाळपर्यंत झालं होतं. उरलेल्या पाच गटांचं शुक्रवारी व्हायचं होतं. रात्री साडेनऊला एक्स्टर्नल सरांचा फोन आला. "मॅडम, आईला अ‍ॅडमिट केलंय. उद्या मला येता येणार नाही." त्या वर्षी मी विभागाची प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर होते.

मुलांना आणि त्यांच्या पालकांना वाटतं, की तीन-चार माणसांना जमेल असा दिवस शोधला की झालं. पण हे सादरीकरण म्हणजे विद्यापीठाची तोंडी परीक्षा असते. आमचं महाविद्यालय पुणे विद्यापीठाशी संलग्न. आमच्याकडे गटाचा गाईड बहुधा अंतर्गत परीक्षक म्हणून बसतो आणि बाहेरच्या महाविद्यालयातले परीक्षक नियुक्तीचं पत्र घेऊन येतात. गुणपत्रकावर दोघांच्या सह्या लागतात. त्यामुळे कोण येऊ शकत नाही यावर पुढची वाट ठरते. गाईड आजारी पडला तर विभागप्रमुख लेखी नोंद करून विभागातला दुसरा शिक्षक बसवतात आणि प्रश्न बहुतेक वेळा विभागातच मिटतो. एक्स्टर्नलच्या जागी मात्र आपल्याच महाविद्यालयातला माणूस बसवता येत नाही. बाहेरच्या नजरेनं काम पाहिलं जावं, यासाठीच तर ते येतात. त्यांच्या बदलीचा प्रश्न परीक्षा अधिकाऱ्यांमार्फत विद्यापीठापर्यंत न्यावा लागतो.

त्या रात्री तारखेपेक्षा मोठी अडचण दुसरीच होती. सरांनी सहा गटांचे गुण कच्च्या कागदावर पेन्सिलीनं लिहून ठेवले होते. बरेच परीक्षक असंच करतात. पहिल्या गटाला दिलेले गुण शेवटचा गट पाहिल्यावर कमी-जास्त वाटू शकतात, म्हणून सगळे गट पाहून मगच शाईनं लिहितात. आता उरलेल्या पाच गटांसाठी दुसरे परीक्षक आले असते, तर एकाच वर्गाला दोन मापं लागली असती आणि पहिल्या सहा गटांचे गुण तर कुठेच पक्के नव्हते. म्हणून मी ठरवलं, की मुदतीत बसत असेल तर याच सरांना परत बोलवायचं. तो पेन्सिलीचा कागद अंतर्गत परीक्षकांनी पाकिटात बंद केला आणि वर सही करून परीक्षा विभागाच्या कपाटात ठेवला.

विद्यापीठानं तोंडी परीक्षांसाठी दिलेला कालावधी बुधवारी संपत होता, आणि गुणही त्याच दिवसापर्यंत ऑनलाइन भरायचे होते. मध्ये शनिवार-रविवार. दुसरे परीक्षक मागायचे, तर त्यासाठीचं पत्र शुक्रवारी दुपारीच जायला हवं होतं. ज्याच्या घरी आजारपण आहे त्याला "सर, कधी जमेल?" असं मोघम विचारलं, तर उत्तरही मोघमच येणार. मी लिहिलं: "सर, आईंकडे लक्ष द्या, उद्याचं आम्ही बघतो. आमच्याकडे सोमवार किंवा मंगळवार शक्य आहे, सकाळी साडेनऊपासून. पाच गट एक वाजेपर्यंत होतील. दोन्ही दिवस अवघड असतील तर उद्या दुपारी बारापर्यंत कळवा, म्हणजे दुसऱ्या परीक्षकांसाठी विनंती करता येईल. तसं झालं तरी आपल्याला संकोच वाटायचं कारण नाही." एका गटाला चाळीस मिनिटं, पाच गटांना दोनशे. हा हिशेब करूनच 'एक वाजेपर्यंत' लिहिलं होतं. किती वेळ द्यायचा आहे हे कळलं, की माणसाला हो किंवा नाही म्हणणं सोपं जातं.

मुलांना रात्रीच कळवलं, की उद्याचं सादरीकरण होणार नाही आणि परीक्षा विभागाची सूचना लागेपर्यंत कुठलीही तारीख पक्की समजू नका. आणखी एक गोष्ट बजावून सांगितली: सरांना कुणीही थेट फोन करायचा नाही. हेतू चांगला असला, तरी ज्यांनी गुण द्यायचे त्यांच्याशी परीक्षार्थीनं परस्पर बोलणं योग्य नव्हे. मुलांनी गाईडशी बोलावं आणि तिथून गोष्ट पुढे जावी.

शुक्रवारी अकरा वाजता सरांचं उत्तर आलं, दोन्ही दिवस चालतील. सोमवार आधी येत होता म्हणून तोच घ्यावा असं वाटलं. पण पाचांपैकी दोन गटांचे गाईड सोमवारी कॅपला, म्हणजे विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासायला जाणार होते. एकाची सोय करताना दुसरा निसटणं या कामात नेहमीचंच. म्हणून पहिली नवी तारीख सुचली, की ती सगळ्यांच्या नावांसमोर पुन्हा तपासावी लागते. मंगळवारी गाईड मोकळे होते. पण एका मुलाला सोमवारी बेंगळुरूला नोकरीवर रुजू व्हायचं होतं. विभागप्रमुखांनी त्याला परीक्षेच्या तारखेचं पत्र दिलं, त्यानं ते कंपनीला पाठवलं आणि बुधवारी रुजू व्हायची परवानगी मिळाली. त्याची परीक्षा ऑनलाइन घ्या, असंही कुणीतरी सुचवलं. करोनाच्या काळात, 2020 आणि 2021 मध्ये, तशा तोंडी परीक्षा झाल्या होत्या. पण तेव्हा विद्यापीठाच्या तशा सूचना होत्या. महाविद्यालयानं आपल्या अखत्यारीत हा निर्णय घेतला, तर पुढे त्या गुणांवरच बोट ठेवलं जाऊ शकतं.

शुक्रवारी दुपारी एक चूक होता होता राहिली. गुण भरायच्या पानावर पाच गटांचे रकाने रिकामे दिसत होते. कार्यालयातल्या सहकाऱ्यानं विचारलं, "मॅडम, तात्पुरतं AB टाकून पान सेव्ह करू का?" AB म्हणजे गैरहजर. ते तसंच राहून पान कायम झालं असतं, तर वीस मुलं परीक्षेला बसलीच नाहीत अशी नोंद झाली असती आणि ती दुरुस्त करायला अर्ज, खुलासा, पुन्हा सह्या. आम्ही रकाने रिकामेच ठेवले. हजेरीपत्रकावर 'परीक्षा पुढे ढकलली' असं लिहून खाली कारण नोंदवलं.

प्रोजेक्ट रिपोर्टच्या प्रमाणपत्राचंही असंच. तीन गटांनी त्यावर शुक्रवारची तारीख छापून बायंडिंग करून घेतलं होतं, आणि परीक्षा मंगळवारी. तारखेची जागा मोकळी ठेवून सहीच्या वेळी हातानं लिहिली, तर हा प्रश्नच येत नाही. त्या तीन गटांना ते एक पान नव्यानं छापून पुन्हा बायंडिंग करावं लागलं.

सर्वांत जास्त काळजी एका गटाची होती. कांदा चाळीतली उष्णता आणि ओलावा मोजून पंखा चालू-बंद करणारं यंत्र त्यांनी केलं होतं. वीजपुरवठ्याचं उपकरण प्रयोगशाळेतून शुक्रवारपुरतंच घेतलेलं. सोमवारी दुसऱ्या वर्गाचं प्रात्यक्षिक असल्यानं ते परत द्यावं लागलं. मुलांनी तारा सोडवण्याआधी जोडणीचे फोटो काढून ठेवले होते. मंगळवारी सकाळी आठ वाजता त्यांनी सगळं पुन्हा जोडलं. पंखा काही फिरेना. एक तार उलटी लागली होती, ती फोटोत सापडली.

सर सव्वानऊला आले. आईंना रविवारी घरी सोडलं होतं. त्यांनी आधी पाकीट मागून घेतलं, स्वतः उघडलं आणि पेन्सिलीचा कागद समोर ठेवला. एक वाजून दहा मिनिटांनी पाचवा गट संपला. मग दोघा परीक्षकांनी अकराही गटांचे गुण एकदम शाईनं लिहिले. पहिल्या दिवशीच्या एका गटाचे गुण सरांनी वाढवले. बेंगळुरूला जाणारा मुलगा तोवर बॅग घेऊन दाराशी उभा होता. रात्रीची बस होती, पण हजेरीपत्रकावर आपली सही झाल्याची खात्री त्याला पुन्हा करून घ्यायची होती. मी त्याला कागद दाखवला.