अनुक्रमांक चुकतो तेव्हा ओळींचा क्रम

स्कॅन केलेल्या तक्त्यातील ओळींचा मूळ क्रम कागदावरच्या त्यांच्या जागेवरून ठरतो. अनुक्रमांक ही फक्त एक नोंद असते. ती लिहिणाऱ्याकडून चुकते, तशीच स्कॅनमधून मजकूर वाचणाऱ्या संगणकाकडूनही. म्हणून पहिली पायरी म्हणजे पान सरळ करणे. पान एक अंश जरी तिरके असले, तरी २०० मिलिमीटर रुंदीच्या तक्त्यात डावे टोक उजव्यापेक्षा सुमारे साडेतीन मिलिमीटर वरखाली होते आणि क्रमांक शेजारच्या नावाला चिकटतो. त्यानंतर वरून खाली प्रत्येक ओळीला १, २, ३ असा स्थानक्रमांक द्यावा. वाचलेला अनुक्रमांक वेगळ्या रकान्यात जसाच्या तसा ठेवावा.

समजा, हाताने लिहिलेल्या वर्गणीवहीच्या एका पानावर दहा ओळी आहेत आणि संगणकाने त्यांचे क्रमांक असे वाचले: २११, २१२, २९३, २१४, कोरे, २१६, २१६, २१७, २१९, २२०. यावरून ओळी चढत्या क्रमाने लावल्या, तर २९३ शेवटी फेकला जाईल आणि कोऱ्या ओळीला जागाच उरणार नाही. त्याऐवजी प्रत्येक अनुक्रमांकातून स्थानक्रमांक वजा करावा. फरक असे येतात: २१०, २१०, २९०, २१०, काही नाही, २१०, २०९, २०९, २१०, २१०.

फरक एकाच ओळीपुरता बदलून लगेच पूर्ववत झाला, तर ती बहुधा वाचनातली चूक असते. तिसऱ्या ओळीत १ चा ९ झाला आहे. तेथे २१३ हवा. पाचव्या ओळीच्या दोन्ही बाजूंना फरक २१० आहे, म्हणून तेथे २१५ बसतो. सातव्या ओळीपासून मात्र फरक २०९ वर टिकतो. म्हणजे २१६ दोनदा आला आहे. नवव्या ओळीला तो पुन्हा २१० होतो, म्हणजे २१८ गळला आहे.

येथे चित्र पाहावेच लागते. सातव्या ओळीला स्वतःचे नाव आणि रक्कम असेल, तर लिहिणाऱ्यानेच क्रमांक दोनदा घातला; तो दुरुस्त करू नये. आठव्या आणि नवव्या ओळींमधले अंतर इतरांइतकेच असेल, तर क्रमांक सुटला आहे. ते दुप्पट असेल, तर मधली अख्खी ओळ संगणकाने गाळली आहे. पानाखालची बेरीज हा दुसरा पुरावा: रकमांची बेरीज तिच्याशी जुळली नाही, तर ओळ हरवल्याची किंवा एखादी रक्कम चुकीची वाचल्याची शक्यता तपासावी.

पुढचे पान २४१ ने सुरू झाले आणि दर पानावर दहाच ओळी असतील, तर दोन पाने गहाळ असण्याचा संशय येतो. ‘मागील पानावरून’ आणलेली रक्कम आधीच्या पानाच्या बेरजेशी जुळली, तर मात्र पाने गहाळ नाहीत, क्रमांकच उडी मारून गेला आहे. पाने सुटी असतील आणि पृष्ठांक, तारीख, बेरीज यांपैकी काहीच नसेल, तर पानांचा आपसातला क्रम ठरवता येत नाही. तो अनिश्चित म्हणूनच नोंदवावा.