बंद गेटवे आणि शिळे आकडे

पॉवर बीआयमधले डॅशबोर्ड मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असतात, पण ज्या विक्रीच्या नोंदींवरून ते तयार होतात त्या पुष्कळदा कार्यालयातल्याच डेटाबेसमध्ये राहतात. बाहेरून कोणी थेट त्या डेटाबेसपर्यंत पोहोचू नये म्हणून फायरवॉलने आत येणारी वाट बंद केलेली असते, आणि ती मायक्रोसॉफ्टलाही बंदच असते. ही अडचण सोडवण्यासाठी कार्यालयातल्या एका संगणकावर गेटवे नावाचा प्रोग्रॅम बसवतात.

नावामुळे थोडी फसगत होते. गेटवे म्हणजे बाहेरच्याला आत घेणारे दार नव्हे. तो आतून बाहेर जोडणी करतो, ती चालू ठेवतो आणि काही काम आले आहे का याची वाट पाहतो. ठरलेली वेळ झाली की पॉवर बीआय आपली मागणी त्या जोडणीवर ठेवते. गेटवे ती उचलतो, डेटाबेसचा पासवर्ड स्वतःजवळच उलगडतो, माहिती काढतो आणि वर पाठवतो. संगणक बंद झाला की जोडणी तुटते, आणि तो दूरवरून चालू करण्याची सोय पॉवर बीआयकडे नाही. स्लीपमध्ये गेलेल्या संगणकाचीही तीच गत होते.

समजा, रिफ्रेश रोज सकाळी साडेसहाला ठेवला आहे आणि दिवाळीच्या चार दिवसांच्या सुट्टीसाठी निघताना कोणीतरी मेन स्विच बंद केला. चारही सकाळी रिफ्रेश फसतो. डॅशबोर्ड मात्र नेहमीसारखाच उघडतो, कारण मागच्या वेळी आणलेली प्रत सर्व्हरवर शाबूत असते. त्यामुळे बिघाड सहसा लक्षातच येत नाही. पाचव्या दिवशी संगणक सुरू होतो, तरी आकडे जुनेच राहतात. सलग चार वेळा अपयश आले की पॉवर बीआय वेळापत्रकच बंद करते, आणि ते सेटिंगमध्ये जाऊन हाताने पुन्हा चालू करावे लागते. खरा प्रकार `Refresh history` मध्ये दिसतो: तिथे तारीखवार `Failed` अशी नोंद असते. गेटवेच्या पानावर तो ऑफलाइन दिसला, तर पासवर्ड बदलत बसण्याऐवजी आधी संगणक पाहावा.

गेटवेचे दोन प्रकार आहेत. स्टँडर्ड गेटवे विंडोज सर्व्हिस म्हणून चालतो, म्हणजे संगणक सुरू झाला की कोणी लॉगिन केले नाही तरी तो कामाला लागतो. पर्सनल गेटवेला मात्र लॉगिन लागते. म्हणून कार्यालयासाठी पहिलाच प्रकार बरा, आणि तोही घरी नेल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर नव्हे, तर स्लीप बंद केलेल्या, सतत चालू राहणाऱ्या संगणकावर. स्टँडर्ड गेटवेच्या जोडीला दुसऱ्या संगणकावर आणखी एक गेटवे बसवून क्लस्टर करता येते, म्हणजे एक बंद पडला तर दुसरा काम उचलतो. अर्थात दोन्ही संगणक त्याच मेन स्विचवर असतील, तर दिवाळीत दोन्ही एकदमच बंद होतील.