उचल फिटते कशी?

जूनमध्ये कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की कारखान्यांच्या ऑफिसांत उचलीचे अर्ज येऊ लागतात. एका लहान इंजिनिअरिंग कारखान्यातला फिटर घेऊ. महिन्याचा एकूण पगार 24,000 रुपये, त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 15,000. मुलीच्या फीसाठी त्याने 30,000 रुपयांची उचल मागितली. मालकाने बिनव्याजी मंजूर केली आणि ठरलं, की जुलैच्या पगारापासून दरमहा 3,000 कापायचे, म्हणजे दहा हप्ते, शेवटचा एप्रिलच्या पगारात. हे सगळं अर्जावरच लिहून दोघांनी सह्या केल्या. रक्कम, हप्ता, पहिला महिना आणि कामगाराची संमती, एवढं त्या कागदावर असलंच पाहिजे. पुढची प्रत्येक कपात त्याच कागदाच्या आधारावर होते.

उचल दिली त्या दिवशी कारखान्याचा काहीच खर्च झालेला नसतो. बँकेतले 30,000 कमी झाले आणि तेवढंच येणं कामगाराकडे उभं राहिलं. म्हणून त्या दिवशीची नोंद दोन ओळींची असते: फिटरचं उचल खातं 30,000 नावे, बँक खातं 30,000 जमा. हे खातं प्रत्येक कामगाराचं वेगळं उघडावं. टॅलीत ते `Loans & Advances (Asset)` या गटाखाली येतं. सगळ्यांच्या उचली एकाच खात्यात टाकल्या तर सहा महिन्यांनी कोणाचे किती राहिले हे सांगता येत नाही आणि वाद तिथूनच सुरू होतात.

आता जुलैचा पगार. फिटरने महिनाभर काम केलं, त्यामुळे कारखान्याचा खर्च पूर्ण 24,000 आहे. हप्ता कापला म्हणून तो कमी होत नाही. पीएफ 15,000 च्या 12 टक्क्यांनी 1,800, व्यवसाय कर 200 आणि उचलीचा हप्ता 3,000 कापून 19,000 रुपये त्याच्या हातात पडतात. महिनाअखेरीची नोंद अशी होते:

पगार खर्च खातं नावे: 24,000
फिटरचं उचल खातं जमा: 3,000
पीएफ देणे खातं जमा: 1,800
व्यवसाय कर देणे खातं जमा: 200
पगार देणे खातं जमा: 19,000

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पगार बँकेत गेला की पगार देणे खातं 19,000 नावे आणि बँक 19,000 जमा, एवढंच उरतं. मालकाच्या वाट्याच्या पीएफची नोंद वेगळी होते, तिचा उचलीशी संबंध नाही. जुलैअखेर उचल खात्यावर 27,000 शिल्लक दिसते, ऑगस्टअखेर 24,000. फेब्रुवारीत महाराष्ट्रात व्यवसाय कर 200 ऐवजी 300 कापला जातो, म्हणून त्या महिन्यात हातात 18,900 येतात. हप्त्यात काही बदल झालेला नसतो.

चुका होतात त्या बहुतेक दोन प्रकारच्या. पहिली हिशेबनीसाची. तो पगारपत्रकाकडे न बघता बँकेतून गेलेली रक्कमच पगार म्हणून लिहितो, पगार 19,000 नावे, बँक 19,000 जमा. हप्ता कुठेच जमा होत नाही. दहा महिन्यांनी पगारखर्च हप्त्यांपुरता 30,000 ने कमी दिसतो, नफा तेवढाच फुगतो, आणि ज्याने सगळे हप्ते भरले त्या फिटरच्या नावावर 30,000 जसेच्या तसे उभे असतात. ओळखायची खूण सोपी आहे: पगाराच्या दोन-तीन नोंदी होऊनही उचल खात्यावरची शिल्लक जागची हलत नाही.

दुसरी चूक पगारपत्रकातच होते आणि तिचा फटका कामगाराला बसतो. हप्ता कपातीच्या रकान्यात न दाखवता एकूण पगारच 21,000 लिहिला जातो. मग मूळ वेतन त्याच प्रमाणात 13,125 वर येतं आणि पीएफ 1,800 ऐवजी 1,575 कापला जातो. कामगाराच्या पीएफ खात्यात त्याच्या वाट्याचे दरमहा 225 रुपये कमी पडतात, मालकाच्या वाट्याचेही तेवढेच. पीएफ कमावलेल्या पगारावर लागतो. उचल फेडणं हा त्या पगाराचा वापर आहे, त्यामुळे हप्त्याने तो आकडा बदलता कामा नये.

ठरलेला हप्ता दर महिन्याला जसाच्या तसा कापता येतो असंही नाही. समजा नोव्हेंबरमध्ये फिटर आजारी पडला आणि 22 दिवस बिनपगारी रजेवर गेला. आठ दिवसांचा पगार 6,400, त्यातलं मूळ वेतन 4,000, पीएफ 480. पगार 7,500 च्या आत असल्यामुळे व्यवसाय कर नाही. वेतन संहितेनुसार सगळ्या कपाती मिळून पगाराच्या 50 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाहीत, म्हणजे इथे 3,200. पीएफचे 480 वजा जाता उचलीसाठी जास्तीत जास्त 2,720 उरतात. पूर्ण 3,000 कापले तर मर्यादा 280 ने ओलांडली जाते. तेव्हा नोव्हेंबरची नोंद 2,720 चीच करायची आणि राहिलेले 280 शेवटच्या हप्त्यात घ्यायचे. कायद्याची ही कमाल मर्यादा झाली. आजारपणात घर चालायला हवं म्हणून मालकाने त्या महिन्याचा हप्ता पुढे ढकलला तर ते अधिक चांगलं. फक्त तसं अर्जावर लिहून पुन्हा सही घ्यावी.

या बदलानंतर नोव्हेंबरअखेर शिल्लक 15,280 राहते. डिसेंबर ते मार्च चार हप्ते गेले की 31 मार्चला 3,280 उरतात. ताळेबंदात हेच 3,280 येणं म्हणून दिसले पाहिजेत. आदल्या जूनमध्ये दिलेले 30,000 तिथे दिसत असतील तर हप्त्यांच्या नोंदी झालेल्या नाहीत, असं समजावं. वर्ष बंद करण्यापूर्वी हिशेबनीसाने प्रत्येक कामगाराला त्याची शिल्लक दाखवून सही घेतली, तर नंतर भांडणाला जागा राहत नाही. मधेच कोणी नोकरी सोडली, तर उरलेली उचल अखेरच्या हिशेबातल्या पगारातून आणि रजेच्या पैशांतून वळती करतात. पीएफच्या जमेला मात्र हात लावता येत नाही.

एप्रिलच्या पगारात 3,280 कापले की खातं शून्यावर येतं. इथे शेवटची एक गफलत होते. सॉफ्टवेअरमध्ये दरमहा कपात लावून ठेवलेली असते आणि ती बंद करायची राहते, म्हणून मेच्या पगारातूनही 3,000 जातात. आतापर्यंत नावे बाजूला असलेलं उचल खातं मग 3,000 ने जमा बाजूला दिसू लागतं. ते पैसे कामगाराचे असतात आणि कारखाना त्याचा देणेकरी होतो. ती रक्कम पुढच्या पगारापर्यंत न ठेवता लगेच परत करावी: उचल खातं नावे, बँक जमा.

कामगाराने पगाराच्या स्लिपवर तीन आकडे दर महिन्याला पाहावेत. एकूण पगार हजेरीप्रमाणे पूर्ण आहे का, पीएफ त्यानुसारच कापला आहे का, आणि उचलीची शिल्लक मागच्या महिन्यापेक्षा हप्त्याएवढीच कमी झाली आहे का. बऱ्याच स्लिपांवर हप्ता छापलेला असतो, शिल्लक नसते. ती छापून मागावी, कारण उचल किती फिटली हे कामगाराला कळण्याचा दुसरा लेखी पुरावा त्याच्या हातात नसतो.