जिंकलेला वर्ग, हातचा गेलेला वर्ग

शिक्षकांना पळवून लावणारा वर्ग आणि त्याला हळूहळू आपलंसं करणारा बदली शिक्षक, ही कथा इतकी परिचयाची आहे की शेवट पहिल्या पानावरच कळतो. ई. आर. ब्रेथवेट यांचं १९५९चं ‘टू सर, विथ लव्ह’ मात्र वेगळं वाटतं. त्यात जिंकलेला वर्ग पुन्हा हातचा जातो.

ब्रेथवेट ब्रिटिश गयानाचे. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात होते आणि शिक्षणाने इंजिनिअर. पण युद्धानंतर लंडनमध्ये कृष्णवर्णीयाला त्या कामावर कोणी घेईना. शेवटी ते ईस्ट एंडच्या गरीब वस्तीतल्या शाळेत लागले. तोच अनुभव त्यांनी कादंबरीसारखा रंगवला.

मुलांचा छळ टप्प्याटप्प्याने वाढतो. आधी थंड मौन, मग शिक्षकांचं वाक्य अर्ध्यावर असताना डेस्कची झाकणं आदळणं, मग शिवराळ भाषा. एके दिवशी वर्गातल्या शेगडीत काहीतरी किळसवाणं जळताना दिसतं आणि सरांचा तोल सुटतो. त्या रागातून सावरल्यावर ते नवा नियम काढतात: मुलींना ‘मिस’ म्हणून हाक, मुलांना आडनावाने, आणि त्यांनी आपल्याला ‘सर’ म्हणायचं. ही मुलं लवकरच शाळा सोडून कामाला लागणार असतात, त्यामुळे मोठ्या माणसासारखी वागणूक मिळणं त्यांना सुखावतं. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे.

मग सील्स नावाच्या मुलाची आई वारते. आई गोरी, वडील कृष्णवर्णीय. वर्ग वर्गणी काढून पुष्पचक्र आणतो, पण ते घरी न्यायला कोणी तयार होत नाही. काळ्या माणसाच्या घरी जाताना लोकांनी पाहिलं तर काय म्हणतील! हे ती मुलं कोणासमोर सांगतात? ज्यांना ती ‘सर’ म्हणतात, त्या कृष्णवर्णीय शिक्षकासमोर. सरांवरचं प्रेम खोटं नसतं, पण ते त्यांच्यापुरतंच असतं. पामेला डेअर ही मुलगी तेवढी तयार होते. अंत्यविधीच्या दिवशी सर तिथे पोहोचतात, तेव्हा वर्गातली मुलं तिथे उभी असतात. लेखकाने हा बदल फार समजावून सांगितलेला नाही, हे चांगलंच केलं.

माझी तक्रार वेगळी आहे. वाचून संपल्यावर सारं श्रेय सरांना जातं. पण ज्या शाळेवर ही गोष्ट बेतली, तिथले मुख्याध्यापक ॲलेक्स ब्लूम यांनी छडी बंद केली होती आणि मुलांना दर आठवड्याला शाळेबद्दलचं मत मोकळेपणाने लिहायला सांगितलं होतं. शिक्षकांविरुद्धही लिहिण्याची मुभा होती. ब्लूम १९५५मध्ये वारले. पुस्तकात ते वेगळ्या नावाने भेटतात, १९६७च्या सिडनी प्वाटिए यांच्या चित्रपटात मात्र त्यांच्या वाट्याला फारसं काही येत नाही.